मशिनवरचा जीएसटी परत कसा मिळतो: पिठाच्या गिरणीचा हिशेब, पायरीपायरीने

साठ लाखांची मशिनरी घेतली की बिलावर दहा लाख ऐंशी हजारांचा जीएसटी लागतो. पहिल्यांदा कारखाना टाकणाऱ्याला या रकमेबद्दल साधारण दोन गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं, 'सगळा टॅक्स परत मिळतो.' कोणी म्हणतं, 'मशिनचं क्रेडिट पाच वर्षांत मिळतं.' दोन्ही अर्धवट आहेत. आपल्या जीएसटीत भांडवली वस्तूंचं क्रेडिट एकदम खात्यात जमा होतं, पण त्यानंतर बिलाच्या तारखेपासून साठ महिने कायद्याची त्या मशिनवर नजर असते. मशिन कशासाठी वापरलं, कधी विकलं, यावर क्रेडिटचा काही भाग परत द्यावा लागू शकतो. आणि 'परत मिळतो' याचा अर्थ पैसे बँकेत येतात असा नाही. पुढे भरायच्या करातून ते वळते होतात, एवढंच.

हे समजून घ्यायला गव्हाच्या पिठाची गिरणी हे फार चांगलं उदाहरण आहे, कारण एकाच छपराखाली करपात्र माल आणि करमुक्त माल दोन्ही तयार होतात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या, पॅकबंद पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुटं पीठ आणि २५ किलोपेक्षा मोठी पोती करमुक्त आहेत. शिवाय दळताना निघणारा गव्हाचा कोंडा पशुखाद्याच्या नोंदीत येतो आणि तोही करमुक्त आहे. ही कोंड्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडते.

आपल्या गिरणीत तीन यंत्रं धरू. दळणाचा रोलर प्लांट ६०,००,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्क्यांनी १०,८०,००० कर. एक, पाच आणि दहा किलोच्या पिशव्या भरणारं पॅकिंग मशिन १२,००,००० रुपयांचं, कर २,१६,०००. पन्नास किलोची पोती शिवायचं मशिन १,००,००० रुपयांचं, कर १८,०००. रकमा मुद्दाम सोप्या घेतल्या आहेत, प्रमाणं मात्र खरीखुरी वाटतील अशी.

पायरी १: आधी नोंदणी, मग मशिनचं बिल

नवख्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं आणि ते नंतर भरून निघत नाही. केवळ मालाची विक्री करणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बरेच जण आधी मशिन घेतात, गिरणी चालू करतात आणि उलाढाल वाढली की नोंदणी करतात. कलम १८(१) प्रमाणे नव्याने नोंदणी करणाऱ्याला हातातल्या साठ्यावरचं क्रेडिट मिळतं. म्हणजे कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार मालात गेलेला कच्चा माल. त्या यादीत भांडवली वस्तू नाहीत. स्वेच्छेने नोंदणी करणाऱ्यालाही हाच नियम आहे. म्हणजे नोंदणीआधी आलेल्या रोलर प्लांटचे १०,८०,००० गेले, ते मशिनच्या किमतीत मिसळले.

उलट कंपोझिशन योजनेतून नेहमीच्या पद्धतीत येणाऱ्याला आणि ज्याचा करमुक्त माल करपात्र झाला त्याला मात्र भांडवली वस्तूंचं क्रेडिट मिळतं, बिलाच्या तारखेपासून दर तिमाहीला ५ टक्के कमी करून. अशांनी फॉर्म आयटीसी-०१ भरायची ३० दिवसांची मुदत पाळावी. नवीन उद्योगासाठी सल्ला एकच: बँकेचं कर्ज मंजूर झालं की, मशिनची ऑर्डर देण्याआधीच, स्वेच्छा नोंदणी घेऊन टाका. उत्पादन सुरू व्हायला सहा महिने असले तरी हरकत नाही, शून्याचं विवरणपत्र भरत राहायचं.

पायरी २: बिल, माल आणि २बी यांचा मेळ

बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक, कारखान्याचा पत्ता आणि कराची रक्कम वेगळी दाखवलेली असावी. परराज्यातून, समजा कोइंबतूरहून, मशिन आलं तर आयजीएसटी लागेल. त्यात काही वावगं नाही, ते क्रेडिट महाराष्ट्रातल्या करासाठीही चालतं. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलं की ते तुमच्या पोर्टलवरच्या आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं तपासायच्या पानावर, दिसतं. तिथे स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा असे पर्याय आहेत. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. मग ते जीएसटीआर-२बी या तुमच्या क्रेडिटच्या मासिक यादीत येतं. २बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, हातात मूळ बिल असलं तरी.

मोठ्या मशिनला एक खास अट लागते. एका बिलावरचा माल हप्त्याहप्त्याने येत असेल, तर शेवटचा हप्ता पोहोचेपर्यंत क्रेडिट घेता येत नाही. रोलर प्लांट तीन ट्रकांत येतो. पहिले दोन मार्चमध्ये आले आणि प्लॅनसिफ्टर घेऊन येणारा तिसरा मेमध्ये, तर पूर्ण १०,८०,००० चं क्रेडिट मेचं. पुरवठादार स्वतंत्र यंत्रांची स्वतंत्र बिलं करायला तयार असेल तर प्रत्येकाचं क्रेडिट त्याच्या त्याच्या महिन्यात घेता येतं. हे ऑर्डर देतानाच ठरवायचं असतं, ट्रक निघाल्यावर नाही. गाडीबरोबरचे ई-वे बिल आणि गेटवरची आवक नोंद जपून ठेवा. तपासणीत 'मशिन खरंच आलं का' हा पहिला प्रश्न असतो.

मशिन उभं होऊन उत्पादन सुरू व्हायची वाट पाहायची गरज नाही. धंद्यासाठी वापरण्याच्या हेतूने ते घेतलं आणि मिळालं, एवढं पुरे. मात्र मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षातलं बिल, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते.

पायरी ३: हिशेबाच्या वहीत काय लिहायचं

जीएसटी कायद्यात भांडवली वस्तूची व्याख्या सोपी आहे. जी वस्तू तुम्ही वहीत मालमत्ता म्हणून चढवली आणि धंद्यासाठी वापरता, ती. रोलर प्लांट ६०,००,००० ला चढवायचा, ७०,८०,००० ला नाही. कराचा भाग किमतीत धरून त्यावर आयकरात घसारा घेतला, तर कलम १६(३) प्रमाणे त्या कराचं क्रेडिट बंद होतं. हा घोळ बहुधा असा होतो: क्रेडिट घेणारा जीएसटी सल्लागार वेगळा, ताळेबंद करणारा सीए वेगळा, आणि दुसऱ्याने बिलाची एकूण रक्कम उचललेली असते. वर्षअखेरीला स्थिर मालमत्तेची यादी आणि क्रेडिटची यादी शेजारी ठेवून एकदा जुळवा.

बांधकामाचं क्रेडिट मिळत नाही. शेड, गोदाम, ऑफिस, कंपाउंड वॉल, त्यासाठीचं सिमेंट, लोखंड आणि ठेकेदाराचं बिल हे सगळं कलम १७(५) ने अडवलेलं आहे. पण 'प्लांट आणि मशिनरी' याच्या व्याख्येत मशिनचा पाया आणि त्याला आधार देणारा सांगाडा येतो. म्हणून रोलर बसवायचा काँक्रीटचा पाया क्रेडिटला पात्र आहे, त्याच ठेकेदाराने बांधलेली शेड नाही. ठेकेदार दोन्हीचं एकच बिल करतो आणि नंतर पायाचा आकडा वेगळा सिद्ध करता येत नाही. कामाच्या ऑर्डरमध्येच पायाचं मोजमाप आणि रक्कम वेगळी लिहून घ्या, आणि मशिन पुरवठादाराने दिलेलं पायाचं ड्रॉइंग त्या बिलाला जोडा. इमारतीवरच्या क्रेडिटची एक पळवाट सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या सफारी रिट्रीट्स निकालाने उघडल्यासारखी झाली होती. २०२५ च्या वित्त कायद्याने कलमातला 'प्लांट किंवा मशिनरी' हा शब्दप्रयोग 'प्लांट आणि मशिनरी' असा बदलला आणि तोही १ जुलै २०१७ पासून लागू केला. तेव्हा जुने लेख वाचून शेडचं क्रेडिट घेऊ नका.

पायरी ४: १८० दिवस आणि राखून ठेवलेले दहा टक्के

मशिनच्या व्यवहारात दहा टक्के रक्कम चाचणी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवायची पद्धत आहे. चाचणी लांबते, रक्कम तशीच राहते, आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवस उलटतात. मग न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. आपल्या उदाहरणात ७०,८०,००० चे दहा टक्के म्हणजे ७,०८,००० राखले, तर १,०८,००० चं क्रेडिट परत करावं लागेल. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं आणि त्याला वर सांगितलेली ३० नोव्हेंबरची मुदत आड येत नाही, पण व्याज गेलं ते गेलं.

जीएसटीआर-३बी या कर भरायच्या विवरणपत्रात हे तात्पुरतं उलटवणं 4(B)(2) या रकान्यात दाखवायचं, म्हणजे पुढे परत घेताना 4(A)(5) आणि 4(D)(1) मध्ये त्याचा माग राहतो. यावर साधा उपाय म्हणजे सगळी रक्कम देऊन टाकायची आणि पुरवठादाराकडून दहा टक्क्यांची बँक हमी घ्यायची. बँकेने कर्जातून थेट पुरवठादाराला दिलेले पैसे तुम्ही दिलेलेच धरले जातात.

पायरी ५: तीन खण पाडा

आता मुख्य भाग. नियम ४३ प्रत्येक भांडवली वस्तूला तीनपैकी एका खणात टाकतो.

पिशव्यांचं पॅकिंग मशिन फक्त करपात्र माल भरतं. त्याचे २,१६,००० पूर्ण खात्यात येतात आणि दरमहा काही उलटवावं लागत नाही. पोती शिवायचं मशिन फक्त करमुक्त पोत्यांसाठी आहे, त्याचे १८,००० अजिबात मिळत नाहीत. रोलर प्लांट दोन्हींसाठी दळतो. त्याचे १०,८०,००० पूर्ण जमा होतात, पण साठ महिने दर महिन्याला करमुक्त विक्रीच्या प्रमाणात थोडे परत जातात.

```
Tm = Tc ÷ 60
Te = (E ÷ F) × Tr
```

Tc म्हणजे सामाईक यंत्रांवरचं एकूण क्रेडिट, Tm त्याचा एका महिन्याचा वाटा. अशा सगळ्या यंत्रांचे महिन्याचे वाटे मिळवले की Tr. E म्हणजे त्या महिन्यातली करमुक्त विक्री, F म्हणजे राज्यातली एकूण उलाढाल. Te उलटवायची रक्कम.

आपल्या गिरणीत एका महिन्यात पॅकबंद पीठ ३०,००,००० चं विकलं, पोती १४,००,००० ची आणि कोंडा ६,००,००० चा. एकूण ५०,००,०००. करमुक्त २०,००,०००, म्हणजे ४० टक्के. महिन्याचा वाटा १०,८०,००० भागिले ६० म्हणजे १८,०००. त्याचे ४० टक्के, ७,२००. ही रक्कम त्या महिन्याच्या ३बी मध्ये 4(B)(1) मध्ये जाते, कारण ती पुन्हा मिळणार नाही. पुढच्या महिन्यात करमुक्त विक्री निम्म्यावर गेली तर रक्कमही बदलते. हा हिशेब महिन्याचा महिन्याला करायचा, वर्षाच्या शेवटी एकदा नाही. हेच प्रमाण पाच वर्षं राहिलं तर एकूण ४,३२,००० परत जातील आणि रोलर प्लांटवर खरं मिळालेलं क्रेडिट ६,४८,००० राहील. प्रकल्प अहवालात हाच आकडा धरावा, पूर्ण १०,८०,००० नाही.

आता कोंडा. 'आम्ही सगळं पीठ दहा किलोच्या पिशवीतच विकतो, म्हणजे सगळं करपात्र,' असं समजून नियम ४३ बाजूला ठेवणाऱ्या गिरण्या थोड्या नाहीत. कोंडा हा उपउत्पादन म्हणून वहीत 'इतर उत्पन्न' या खात्यात जातो, आणि विवरणपत्र भरणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतच नाही. पण ती करमुक्त विक्रीच आहे. आपल्या उदाहरणात कोंडा विसरला आणि त्याची रक्कम फक्त E मधून सुटली, तर प्रमाण २८ टक्के येईल, उलटवणं ५,०४० होईल, आणि दर महिन्याला २,१६० कमी जातील. पाच वर्षांत १,२९,६००, वर व्याज. कच्च्या मालावरच्या सामाईक क्रेडिटला नियम ४२ ने हाच E लागतो, म्हणजे चूक दोन ठिकाणी होते. उलट बाजूने, बँकेतल्या ठेवीवरचं व्याज E मध्ये धरायचं नाही. काही जण घाबरून तेही धरतात आणि विनाकारण जास्त उलटवतात. निर्यातही करमुक्त विक्री नव्हे, ती शून्य दराची विक्री आहे, आणि तिच्यासाठी वापरलेल्या मशिनचं क्रेडिट कापलं जात नाही.

खण कायमचा नसतो. पोती शिवायचं मशिन सात महिन्यांनी वीस किलोच्या करपात्र पोत्यांसाठीही वापरायला लागलात, तर ते सामाईक खणात येतं. तेव्हा १८,००० चं क्रेडिट घेता येतं, पण आधीच्या काळाबद्दल दर तिमाहीला किंवा तिच्या भागाला ५ टक्के देणं लागतं. सात महिने म्हणजे तीन तिमाह्या, १५ टक्के, २,७००. पुढे उरलेल्या महिन्यांत १८,००० भागिले ६०, म्हणजे ३०० चा मासिक वाटा रोलरच्या वाट्यात मिळवायचा. यंत्राचा वापर कधी बदलला, याची तारीख लिहिलेली एक नोंदवही ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी ती तारीख कोणालाच सांगता येत नाही.

क्रेडिट एकदम द्यायचं की हप्त्याने: सरकारं का कचरतात

आपल्याकडेही हे नेहमी असं नव्हतं. उत्पादन शुल्कात १९८६ मध्ये मॉडव्हॅट आला तेव्हा क्रेडिट कच्च्या मालावर होतं, भांडवली वस्तूंवर ते १९९४ पासून मिळू लागलं. पुढे सेनव्हॅटमध्ये पहिल्या आर्थिक वर्षात निम्मं आणि बाकी निम्मं पुढच्या वर्षी, तेही मशिन तुमच्याकडे असेल तर, अशी पद्धत होती. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मशिन आत घ्यायची धांदल असे. ३१ मार्चला गेटमधून आलं तर निम्मं त्या दिवशी आणि उरलेलं १ एप्रिलला. २००५ मध्ये राज्यांनी व्हॅट आणला तेव्हाच्या श्वेतपत्रिकेत भांडवली वस्तूंचं क्रेडिट जास्तीत जास्त ३६ समान मासिक हप्त्यांत द्यायची मुभा होती.

कारण तिजोरीचं आहे. नवीन कारखान्याने पहिल्याच महिन्यात मोठं क्रेडिट घेतलं तर कित्येक महिने तो रोख कर भरत नाही. आपल्या गिरणीचा हिशेब पाहा. रोलर आणि पॅकिंग मशिन मिळून १२,९६,००० जमा. दरमहा ३०,००,००० वर ५ टक्क्यांनी कर १,५०,०००. पिशव्या, वीज उपकरणं, वाहतूक वगैरेंचं नेहमीचं क्रेडिट ३०,००० धरलं तर १,२०,००० मशिनच्या क्रेडिटमधून जातात, वर उलटवलेले ७,२००. म्हणजे महिन्याला १,२७,२०० कमी होतात आणि शिल्लक अकराव्या महिन्यात संपते. तोपर्यंत सरकारला या गिरणीकडून रोख जवळपास काहीच नाही. ३६ हप्त्यांची पद्धत असती तर महिन्याला फक्त ३६,००० मिळाले असते आणि उरलेला कर पहिल्या महिन्यापासून रोखीने भरावा लागला असता, नेमका ज्या काळात कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

ब्राझीलमध्ये राज्यांचा आयसीएमएस हा कर याच विचाराने भांडवली वस्तूंचं क्रेडिट ४८ भागांत देतो, दर महिन्याला एक भाग. चीनने १९९४ च्या व्हॅटमध्ये मशिनरीचं क्रेडिट दिलंच नव्हतं. ईशान्य भागात २००४ मध्ये प्रयोग करून १ जानेवारी २००९ पासून देशभर ते सुरू केलं. फिलिपिन्समध्ये महिन्याला दहा लाख पेसोंच्या वरच्या भांडवली खरेदीचं क्रेडिट साठ महिन्यांत किंवा मशिन त्याहून कमी टिकणारं असेल तर तेवढ्या काळात विभागलं जाई, ती पद्धत २०२२ पासून बंद झाली. युरोपीय संघाने मात्र दुसरी वाट धरली: क्रेडिट लगेच द्या, पण जंगम वस्तूंवर पाच वर्षं आणि इमारतींवर वीस वर्षांपर्यंत वापर तपासत राहा. आपला नियम ४३ याच जातीचा आहे, फक्त तपासणी वर्षाला न होता दर महिन्याला होते.

हप्त्यांच्या बाजूने दुसरा मुद्दाही आहे आणि तो निव्वळ कंजूषपणाचा नाही. मशिन महागडं असतं, एका खोट्या बिलात मोठी रक्कम काढता येते, आणि क्रेडिट वापरून झाल्यावर कंपनी बंद करता येते. हप्ते असले की चोरी हळू होते आणि मध्येच पकडता येते. पण किंमत प्रामाणिक कारखानदार मोजतो, आणि जितका नवा व छोटा तितका जास्त. आमचं मत असं की एकदम देऊन नजर ठेवणं हीच पद्धत बरी, फक्त ती पाळायला वहीत जास्त शिस्त लागते.

पायरी ६: मशिन विकताना

पॅकिंग मशिन २६ महिने वापरून तुम्ही ६,००,००० ला विकता आहात. कलम १८(६) दोन रकमा काढायला सांगतं आणि जास्त असेल ती भरायला लावतं. पहिली, विक्री किमतीवरचा कर: १८ टक्क्यांनी १,०८,०००. दुसरी, घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला किंवा तिच्या भागाला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम. २६ महिने म्हणजे नऊ तिमाह्या, ४५ टक्के वजा, उरले २,१६,००० चे ५५ टक्के, १,१८,८००. जास्त रक्कम ही, म्हणून १,१८,८०० भरायचे. ग्राहकाकडून बिलात १,०८,००० घेता येतात, वरचे १०,८०० तुमच्या खिशातून.

भाव ठरवताना एक आकडा डोक्यात ठेवा. कराचा दर तोच असेल तर इथे मूळ किमतीच्या ५५ टक्क्यांवर, म्हणजे ६,६०,००० ला विकलं तर फरक शून्य. त्याखाली जितकं जाल त्यावर १८ टक्के तुमचे. तिमाही संपता संपता विकण्यापेक्षा पुढची सुरू झाल्यावर आठवड्याने विकलं तर आणखी ५ टक्के कमी होतात, कारण तिमाहीचा भागही पूर्ण धरला जातो. मात्र नियम ४४(६) हाच हिशेब उरलेल्या महिन्यांवर करायला सांगतो: ६० पैकी ३४ महिने उरले, १,२२,४००. नियम ४०(२) आणि ४४(६) यांचा मेळ बसत नाही. फरक ३,६०० चा असेल तर तो भरून टाकणं स्वस्त पडतं. रोलर प्लांटसारख्या मोठ्या रकमेला मात्र सल्लागाराकडून लेखी मत घ्या.

पाच वर्षं झाली की दुसरी रक्कम शून्य होते आणि फक्त विक्री किमतीवरचा कर उरतो. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर भंगारात दिले तर पहिल्या दिवसापासून विक्री किमतीवरचाच कर पुरतो.

पायरी ७: परतावा मागताना मशिन विसरा

पिशव्यांवर १८ टक्के आणि पिठावर ५ टक्के, त्यामुळे क्रेडिट साठतं आणि उलट्या दररचनेचा परतावा मागावासा वाटतो. तो मागता येतो, पण नियम ८९(५) च्या सूत्रात फक्त कच्च्या मालावरचं क्रेडिट धरलं जातं. सेवा नाहीत, मशिनही नाही. अर्जात २बी ची पूर्ण रक्कम टाकली की त्रुटीपत्र येतं किंवा दावा कापला जातो. म्हणून बिलं नोंदवतानाच कच्चा माल, सेवा आणि भांडवली वस्तू असे तीन वेगळे गट पाडा. परतावा मागताना हे गट नव्याने पाडणं फार त्रासाचं असतं. मशिनचं क्रेडिट विक्री वाढेल तसं कराच्या देण्यातूनच संपवायचं. त्याला कालमर्यादा नाही, ते खात्यात पडून राहू शकतं.

निर्यातदाराला मात्र एक वाट आहे. कर न भरता हमीपत्रावर निर्यात केली तर नियम ८९(४) च्या परताव्यातही भांडवली वस्तू धरल्या जात नाहीत, फक्त माल आणि सेवा. पण आयजीएसटी भरून निर्यात केली तर तो कर मशिनच्या क्रेडिटमधून भरता येतो, आणि भरलेला आयजीएसटी बँकेत रोख परत येतो. साठलेलं क्रेडिट मोकळं करायचा हा सरळ कायदेशीर मार्ग आहे. यात अडथळा आणणारा नियम ९६(१०) ८ ऑक्टोबर २०२४ पासून काढून टाकला आहे. मशिन विकत न घेता भाड्याने घेतलं तर दरमहाच्या भाड्यावरचा कर हा सेवेवरचा कर होतो, आणि हमीपत्रावरच्या निर्यातीच्या परताव्यात तो मोजला जातो. बहुतांश माल परदेशी जाणार असेल तर कर्जाचा हप्ता आणि भाडं यांची तुलना करताना हा फरक कागदावर मांडून पाहा.